काका, फोटो आला, पण आकडा वाचता येत नाही: व्हॉट्सॲपवरचा पुसट कागद पुन्हा नीट कसा मागवायचा

तालुक्याच्या गावी माझं कागदपत्रं टाईप करून द्यायचं आणि ऑनलाइन अर्ज भरायचं छोटं दुकान आहे. पूर्वी लोक पिशवीतून कागद घेऊन यायचे, आता फोटो येतात. सातबारा, फेरफार, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं व्हॉट्सॲपवर. त्यातले बरेचसे फोटो नुसते बघायला छान असतात आणि मोठे करून वाचायला गेलं की अक्षरांचा लगदा होतो. "परत पाठवा" म्हटलं की तोच फोटो पुन्हा येतो. पुन्हा म्हटलं की समोरचा वैतागतो. या खेळातून बाहेर पडायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून जे हाताशी आलं ते इथे नीट लिहून ठेवते.

एक उदाहरण धरूनच सांगते. वारस नोंदीच्या अर्जासाठी एका काकांनी जुन्या हस्तलिखित फेरफाराचा फोटो पाठवला. पानावर क्षेत्र लिहिलं होतं: शून्य हेक्टर आणि पुढे चाळीसच्या घरातला एक आकडा. तो ४१ आर होता की ४९, काही केल्या कळेना. देवनागरीतल्या १ आणि ९ मध्ये फरक असतो तो एका छोट्या वळणाचा, आणि फोटोत नेमकं ते वळणच विरघळलं होतं. आठ आरांचा फरक म्हणजे जवळपास आठ गुंठे. असा आकडा अंदाजाने टाईप करायची माझी हिंमत नाही.

आधी कळू द्या, बिघडलं कुठे

पुन्हा फोटो मागण्याआधी दोन मिनिटं स्वतःच्या फोनवर घालवा. कारण पुसटपणाचे प्रकार वेगळे असतात आणि प्रत्येकाला मागणी वेगळी करावी लागते.

सगळ्यात साधी चूक आपलीच असते. फोटो डाउनलोडच झालेला नसतो. चॅटमध्ये जे दिसतं ती एक बारीकशी झलक असते, त्यावर खाली जाणारा बाण असतो. मोबाइल डेटावर आपोआप डाउनलोड बंद ठेवलेलं असेल तर हे हमखास होतं. बाणावर बोट ठेवा, फोटो पूर्ण उतरू द्या, मग मोठा करून बघा. मी स्वतः एकदा एका ताईंना तीन वेळा फोटो पाठवायला लावला होता आणि पहिलाच फोटो चांगला होता. त्या ताई अजून येतात, हा त्यांचा मोठेपणा.

फोटो उतरलाय आणि तरीही वाचता येत नाही, तर अक्षरांच्या कडा बघा. ॲपने दाबलेल्या फोटोत अक्षराभोवती राखेसारखी बारीक करडी कुसळं दिसतात, कागदाच्या पांढऱ्या भागावर फिकट चौकोन उमटलेले दिसतात, आणि हे पानभर सारखंच असतं. कॅमेऱ्याचा फोकस चुकला असेल तर कुसळं नसतात. अक्षरं ओल्या कागदावर शाई पसरावी तशी मऊ होतात, बऱ्याचदा पानाची एक बाजू ठीक आणि दुसरी धूसर. हात हलला असेल तर प्रत्येक रेघ जोड दिसते आणि सगळ्या जोडरेघा एकाच दिशेला सरकलेल्या असतात. फोकस चुकलेला किंवा हाललेला फोटो मूळ स्वरूपात मागवून काही उपयोग नाही. मूळही तसाच असणार. तिथे नवा फोटोच काढायला सांगावा लागतो.

तिसरी खूण फाईलची माहिती. फोटो गॅलरीत उघडून त्याचे तपशील बघितले की पिक्सेल आणि आकार दिसतो. काकांच्या फोटोचं माप होतं १२०० गुणिले १६०० आणि आकार दीडशे केबीच्या आसपास. आजकालच्या साध्या फोनचा मूळ फोटोसुद्धा साधारण ३००० गुणिले ४००० असतो आणि दोन ते पाच एमबी भरतो. माप दीड-दोन हजारांच्या आत आणि वजन काहीशे केबी दिसलं, की समजायचं, फोटो वाटेत दाबला गेलाय आणि चांगली प्रत पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये असण्याची शक्यता भरपूर आहे.

अँड्रॉइडवर फाईलचं नावही बोलतं. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो साठवला जातो तेव्हा त्याच्या नावात तारखेनंतर `WA` आणि आकडा येतो, म्हणजे असं काहीतरी:

```
IMG-20250611-WA0007.jpg
```

याचा उपयोग पुढे फार होतो, तेव्हा लक्षात ठेवा.

अक्षरं जातात कुठे

हे थोडं समजून घेतलं की मागणी बरोबर करता येते. एफोर कागद २९७ मिलिमीटर लांब. तो कॅमेऱ्याच्या चौकटीत काठोकाठ बसवून ४००० पिक्सेलमध्ये टिपला, तर एका मिलिमीटरला साडेतेरा ठिपके मिळतात. दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षराला सत्तावीस. एवढ्यात १ आणि ९ आरामात वेगळे ओळखू येतात. व्हॉट्सॲपने नेहमीच्या पद्धतीने पाठवताना तोच फोटो लांब बाजूने १६०० वर आणला, की त्याच अक्षराला उरतात अकरा ठिपके. एकूण ठिपक्यांचा हिशेब केला तर सहातले पाच गेले. आणि पाठवणाऱ्याने कागदाबरोबर टेबल, चहाचा कप आणि स्वतःचा अंगठाही टिपला असेल, म्हणजे कागदाने चौकटीची दोन-तृतीयांश लांबीच व्यापली असेल, तर अक्षराच्या वाट्याला येतात सात ठिपके. त्यात शिरोरेखा, मात्रा, अनुस्वार आणि खालचा उकार सगळं बसवायचं. इंग्रजी अक्षर एवढ्यात तग धरतं, आपलं धरत नाही.

माप कमी झाल्यावर वरून फोटो साठवायच्या जेपेग पद्धतीची दाब पडते ती वेगळीच. जेपेगमध्ये चित्र आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकोनांत तोडलं जातं आणि प्रत्येक चौकोनातले बारीक, तीक्ष्ण फरक आधी टाकून दिले जातात. आकाश, साडी, चेहरा यांत ते कळत नाही, कारण तिथे रंग हळूहळू बदलतात. काळी शाई आणि पांढरा कागद यांच्या सीमेवर मात्र सगळा तीक्ष्ण फरकच असतो. रंगाचे तपशील तर बहुतेक वेळा आणखी कमी ठेवतात, चार ठिपक्यांमागे एकच रंग. म्हणून निळ्या शाईवर जांभळा शिक्का पडला असेल तर शिक्क्याखालचं अक्षर सगळ्यात आधी जातं. फेरफारावर मंजुरीची सही आणि शिक्का नेमका महत्त्वाच्या ओळीवर असतो, हे काय सांगायला हवं.

या सगळ्यातून एक गोष्ट निघते: गेलेले ठिपके आपल्या फोनवर परत येत नाहीत. फोटो "क्लिअर" करून देणारी ॲप्स कडा टोकदार करतात, पण १ होता की ९ हे त्यांनाही माहीत नसतं. ती अंदाज बांधतात आणि तो अंदाज छान स्वच्छ दिसतो, हाच धोका. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की झेरॉक्सची काही कार्यालयीन यंत्रं स्कॅन दाबून लहान करताना आकडेच बदलत होती. घराच्या एका नकाशात तीन वेगवेगळ्या मापांच्या खोल्यांवर एकच क्षेत्रफळ, १४.१३, छापून आलं होतं, आणि अक्षरं अगदी सुबक. पुसट आकडा निदान आपण पुसट आहोत हे सांगतो.

"परत पाठवा" का चालत नाही

आता मुद्द्याचं. तुमच्याकडे फोटो खराब दिसतोय, पण पाठवणाऱ्याकडे त्याच्या गॅलरीत मूळ फोटो आहे. तो उघडून बघतो, दोन बोटांनी मोठा करतो, त्याला प्रत्येक अक्षर दिसतं. मग त्याला वाटतं, या बाईला दिसत नाही तर चष्म्याचा नंबर बदलायला हवा. आणि तो तोच फोटो त्याच रस्त्याने परत पाठवतो, जो तितकाच दाबला जातो. दोघंही खरं बोलत असतात आणि दोघंही चिडतात.

म्हणून मागणीत चार गोष्टी असाव्या लागतात. फोटो तुम्ही नीट काढलाय, तो ॲपने लहान केलाय, हे पहिल्या वाक्यात. काय वाचता येत नाही ते नेमकं. कसा पाठवायचा, एकच रस्ता. आणि कशासाठी किंवा कधीपर्यंत हवा. चौथी गोष्ट लोक वगळतात, पण "आज संध्याकाळी अर्ज भरायचाय" एवढ्याने काम पटकन होतं.

काकांना मी असं लिहिलं:

"काका, नमस्कार. फेरफाराचा फोटो मिळाला. तुमच्याकडे तो स्वच्छ दिसत असणार, पण व्हॉट्सॲप पाठवताना फोटो लहान करतं, त्यामुळे इकडे क्षेत्राचा आकडा लागत नाही. खाली गोल केलाय बघा, तो ४१ आहे की ४९ कळत नाही. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवाल का? कसा ते पुढच्या मेसेजमध्ये लिहिते. उद्या सकाळी अर्ज भरायचाय."

सोबत त्यांच्याच फोटोचा तो तुकडा कापून, लाल गोल करून परत पाठवला. हे करायला अर्धं मिनिट लागतं आणि त्याने फार फरक पडतो. समोरच्याला त्याचा फोटो आपल्याकडे कसा दिसतोय हे डोळ्यांनी दिसतं. वाद तिथेच संपतो. शिवाय कुठली ओळ हवी तेही कळतं, नाहीतर लोक पानाच्या मागच्या बाजूचाही फोटो पाठवतात.

नात्याप्रमाणे शब्द बदलतात. भावाला किंवा मित्राला "अरे, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून टाक" एवढं पुरतं. ऑफिसातल्या वरिष्ठांना किंवा तलाठ्यांना "परत पाठवा" म्हणणं अवघड जातं, तिथे मी "सर, आपण पाठवलेल्या पानावरची तिसरी ओळ व्हॉट्सॲपमुळे बारीक झाली आहे. शक्य झाल्यास तीच फाईल डॉक्युमेंट स्वरूपात मिळाल्यास नोंद अचूक घेता येईल" असं लिहिते. "अचूक" हा शब्द तिथे काम करतो, कारण चूक झाली तर दोघांना निस्तरावी लागते. आजी-आजोबांना लिहू नका, आवाजी मेसेज पाठवा किंवा सरळ फोन करा. आणि सोसायटीच्या किंवा शाळेच्या गटावर कुणी वेळापत्रकाचा पुसट फोटो टाकला असेल तर गटात न मागता त्या व्यक्तीला खाजगीत मागा. गटात मागितलं की आणखी सहा जण "मलाही दिसत नाही" लिहितात आणि बिचारा पाठवणारा ओशाळतो.

डॉक्युमेंट म्हणून पाठवायची पद्धत

ही पुढच्या मेसेजमध्ये पाठवायची, छोट्या वाक्यांत. माझ्या फोनमध्ये ती कायम लिहून ठेवलेली आहे:

"१. माझं चॅट उघडा. २. लिहायच्या जागेशेजारची पिन दाबा (आयफोन असेल तर + खूण). ३. Gallery किंवा Photos दाबू नका, Document दाबा. ४. तिथून गॅलरीतून निवडायचा पर्याय घेऊन तोच फोटो निवडा. ५. पाठवा."

फोनची भाषा मराठी असेल तर शब्द वेगळा दिसेल, पण शेजारी कागदाचं चित्र असतं. तिसऱ्या पायरीतलं "दाबू नका" मुद्दाम आहे. सवयीने बोट गॅलरीवरच जातं.

नीट गेलं की नाही हे दोघांनाही चॅटमध्येच कळतं. फोटो म्हणून गेला तर मोठं चित्र दिसतं. डॉक्युमेंट म्हणून गेला तर फाईलचं नाव आणि शेजारी आकार दिसतो. तो काही एमबी असेल तर काम झालं. डॉक्युमेंट म्हणून दोन जीबीपर्यंतची फाईल जाते, त्यामुळे फोटो मोठा आहे म्हणून अडायचं कारण नाही.

काकांनी पहिल्या फटक्यात डॉक्युमेंट म्हणूनच पाठवलं, मला आनंद झाला, आणि उघडून बघते तर पुन्हा तेच दीडशे केबी. फाईलच्या नावात `WA`. इथे ती खूण कामाला आली. फोटो मुळात काकांनी काढलाच नव्हता. त्यांच्या पुतण्याने काढून त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला होता, म्हणजे दाबून लहान झालेलाच. काकांनी त्यांच्याकडे होता तो इमानदारीत जसाच्या तसा पाठवला. डॉक्युमेंट केल्याने पुढचं नुकसान थांबतं, आधी झालेलं भरून येत नाही. अशा वेळी काकांना पुन्हा पुन्हा त्रास देण्यात अर्थ नाही. "हा फोटो मुळात कुणी काढला?" एवढंच विचारायचं आणि त्या माणसापर्यंत पोचायचं.

तसंच दुसरं सोंग म्हणजे स्क्रीनशॉट. कुणी पीडीएफ उघडून स्क्रीनशॉट काढतं आणि तो पाठवतं. स्क्रीनशॉटमध्ये फोनच्या पडद्याएवढेच ठिपके असतात, आणि आख्खं पान पडद्यावर बसवलेलं असेल तर अक्षरं आधीच मुंगीएवढी. फाईलच्या नावात `Screenshot` दिसलं तर मूळ पीडीएफ मागा. नुसतं फॉरवर्ड केल्याने मात्र सहसा आणखी बिघाड होत नाही, जे आहे तेच पुढे जातं.

आयफोनवरून आलेली फाईल कधी `.heic` असते आणि दुकानातल्या जुन्या संगणकावर उघडत नाही. फोनवर उघडते, त्यामुळे घाबरायचं नाही. नाहीच जमलं तर पाठवणाऱ्याला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Formats मध्ये जाऊन Most Compatible निवडायला आणि नवा फोटो काढायला सांगते.

आणि एक सावधगिरी. फोटो म्हणून पाठवताना व्हॉट्सॲप फोटोतली लपलेली माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाईलमध्ये ती राहते, आणि फोनमध्ये ठिकाण नोंदवणं चालू असेल तर फोटो कुठे काढला ते अक्षांश-रेखांशासकट जातं. ओळखीच्यात चालतं. अनोळखी माणसाकडून मागताना हे त्याला सांगावं, असं मला वाटतं.

एचडीचं काय

२०२३ पासून फोटो पाठवण्याआधी वर एचडीचं बटण येतं. ते दाबलं की फोटो नेहमीपेक्षा बराच मोठा जातो. छापील कागद, मोठी अक्षरं, किराणा बिल यांना हे पुरतं, आणि ज्यांना डॉक्युमेंट जमत नाही त्यांना "पाठवायच्या आधी वर एचडी दिसेल ते दाबा" एवढं सांगणं सोपं आहे. रोज कागद पाठवणाऱ्या माणसाला सेटिंगमध्ये Storage and data, तिथे Media upload quality आणि HD quality हे एकदाच करून द्या, म्हणजे दर वेळी आठवण करायला नको. पण एचडीमध्येही दाब पडतेच, कमी पडते इतकंच. जुनी हस्तलिखितं, पेन्सिलीच्या नोंदी, शिक्क्याखालचे आकडे यांना मी डॉक्युमेंटच मागते.

व्हॉट्सॲपमधल्या कॅमेऱ्यानेच फोटो काढायची अनेकांना सवय असते. चॅटमधला कॅमेरा उघडला, टिपला, पाठवला. यात अडचण अशी की मूळ मोठी प्रत फोनमध्ये राहीलच याचा भरवसा नसतो. आधी फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढा, मग पाठवा, असं सांगायचं.

कुठलंच जमत नसेल तर: जवळून एक तुकडा

पुतण्या पुण्याला कामावर गेलेला, फोन उचलेना. काकांकडे कागद होता आणि साधा फोन. डॉक्युमेंट वगैरेचा नाद सोडून मी त्यांना फोन केला.

"काका, कागद दिवसाउजेडी ओट्यावर ठेवा. फोन कागदापासून एका वितीवर धरा आणि पडद्यावर दोन पट मोठं करा. आख्खं पान नको. क्षेत्र लिहिलंय ती ओळ आणि वरची-खालची एकेक ओळ, एवढंच दिसू दे."

"सबंध कागद दिसला नाही तर चालंल का?"

"चालेल. सबंध माझ्याकडे आलाय."

हा उपाय मला सगळ्यांत आवडतो, कारण तो ॲपशी भांडत नाही. ॲपला १६०० ठिपक्यांत फोटो बसवायचाय ना, बसवू दे. पण त्या १६०० ठिपक्यांत २९७ मिलिमीटरऐवजी फक्त १५० मिलिमीटर कागद असेल, तर एका मिलिमीटरला जवळपास अकरा ठिपके मिळतात. दोन मिलिमीटरच्या अक्षराला एकवीस, म्हणजे आख्ख्या पानाच्या दाबलेल्या फोटोच्या जवळपास दुप्पट. तुकड्याचा फोटो साध्या पद्धतीने आला तरी तो वाचता येतो.

चुका दोनच होतात. लोक फारच जवळ जातात, चार बोटांवर, आणि बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा तिथे फोकस करू शकत नाही. वीतभर अंतर बरं. दिसायला लहान वाटलं तर जवळ न जाता पडद्यावर दोन पट मोठं करून टिपावं. आणि टिपण्याआधी पडद्यावर त्या आकड्यावर एकदा बोट टेकवावं, म्हणजे फोकस तिथे बसतो. दुसरी चूक फ्लॅशची. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा लॅमिनेशनमध्ये ठेवलेल्या कागदावर फ्लॅश पडला की मधोमध पांढरा गोळा येतो, आणि तो नेमका आकड्यावर. फ्लॅश बंद, कागद पिशवीबाहेर, खिडकीचा उजेड बाजूने.

काकांचा तुकडा आला. एक नव्हता, नऊ होता. वळण स्पष्ट, शेपटीसकट. मी तरीही फोनवर विचारलं, "काका, कागदावर काय दिसतंय, वाचा बरं." त्यांनी "एकोणपन्नास" वाचलं. हस्तलिखित आकडा फोटोवरून वाचला की कागद हातात असलेल्या माणसाकडून तो तोंडी वदवून घ्यायचा, हा माझा नियम. पण आधी "एकोणपन्नास ना?" असं विचारायचं नाही. तसं विचारलं की लोक "हो हो" म्हणतात.

पूर्ण पान नव्याने लागणारच असेल तर स्कॅन करणारं ॲप चांगलं, गुगल ड्राइव्हमध्येही स्कॅनची सोय आहे आणि आयफोनच्या नोट्समध्येही. ते कागदाच्या कडा कापून पीडीएफ करतं आणि पीडीएफ व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच जाते. फक्त काळं-पांढरं फिल्टर काढून रंगीत ठेवायला सांगा. काळ्या-पांढऱ्यात फिकट शाई आणि पेन्सिलीचं लिखाण कागदाचा डाग समजून पुसलं जातं. जुन्या फेरफारात एक कंसातली ओळ अशी गायब झालेली मी पाहिली आहे आणि ती फोटोत नाही हे कळायलाच मार्ग नव्हता.

फोटो मागायचीच गरज नसते तेव्हा

सातबाऱ्याच्या बाबतीत तर मी आता चालू उताऱ्याचा फोटो मागतच नाही. गाव, तालुका आणि गट नंबर विचारते. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत उतरवता येतो. ती पीडीएफ असते, तिच्यातली अक्षरं कितीही मोठी केली तरी फाटत नाहीत, आणि व्हॉट्सॲपवरून कितीही हातांतून गेली तरी तशीच राहते, मध्ये कुणी स्क्रीनशॉट काढला नाही तर. वीजबिल, बँकेचं स्टेटमेंट, निकालपत्र यांनाही हेच लागू. ज्याची मूळ पीडीएफ कुठेतरी आहे, त्याच्या फोटोमागे धावायचं नाही.

जुना हस्तलिखित फेरफार, लग्नपत्रिकेच्या मागे आजोबांनी लिहिलेला हिशेब, शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख, यांना मात्र कागद हातात असलेला माणूसच हवा. त्याला नीट मागितलं की तो देतो. काकांनी अर्ज भरून झाल्यावर एक फोटो पाठवला, शेतातल्या मोहरलेल्या आंब्याचा. डॉक्युमेंट म्हणून, चार एमबीचा.